शोध-प्रकटीकरण दस्तऐवज: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी, ठिबक आणि पाइप उद्योगातील तंत्रज्ञ आणि आपल्या मळ्यातच अवजारे सुधारणारे शेतकरी शोध-प्रकटीकरण दस्तऐवजाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांमध्ये शक्य तेथे एकच उदाहरण वापरले आहे: ठिबक संचाचा जाळीचा फिल्टर विजेशिवाय स्वतःहून धुऊन घेणारी झडप. हे उदाहरण समजावून सांगण्यासाठी रचलेले असून त्यातील मोजमापेही त्याच हेतूने घेतली आहेत.

१. शोध-प्रकटीकरण दस्तऐवज म्हणजे नेमके काय? तो भरला की पेटंट मिळते का?

नाही. हा दस्तऐवज पेटंट कार्यालयात दाखल होत नाही आणि त्यातून कोणताही कायदेशीर हक्क निर्माण होत नाही. शोध लावणाऱ्याने तो आपल्या संस्थेच्या, कंपनीच्या किंवा पेटंट एजंटच्या हाती गोपनीयरीत्या द्यायचा असतो, आणि पेटंटसाठी अर्ज करावा का व केल्यास कशावर हक्क सांगावा, हे त्यांनी त्यावरून ठरवायचे असते. ‘प्रकटीकरण’ या शब्दामुळे अनेकांचा गैरसमज होतो. येथे शोध जगापुढे नव्हे, तर केवळ त्या एका वाचणाऱ्यापुढे प्रकट करायचा असतो. म्हणून प्रत्येक पानावर ‘गोपनीय’ असे लिहावे, दिनांक घालावा आणि दस्तऐवज कोणाकोणाला दिला याची नोंद ठेवावी.

दस्तऐवजाचे चार मुख्य भाग असतात: समस्या, सध्याचे उपाय, नवी कल्पना आणि तिची कार्यपद्धती. त्यांना शोधकर्त्यांची नावे, मालकी आणि आतापर्यंत शोध कोठे दाखवला गेला याची माहिती जोडली जाते.

२. तो मराठीत लिहिला तर चालेल का?

चालतो, आणि ज्याला मराठीत विचार करणे सोपे जाते त्याने तो मराठीतच लिहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय पेटंट कार्यालयात दाखल करायची कागदपत्रे इंग्रजी किंवा हिंदीत असावी लागतात, पण ते काम पुढच्या टप्प्यावर एजंट करतो. अर्धवट येणाऱ्या भाषेत लिहिताना माणूस जे सांगता येते तेवढेच सांगतो, आणि नेमका महत्त्वाचा बारकावा गळून पडतो.

एक पथ्य मात्र पाळावे. एका भागाला एकच नाव द्यावे आणि ते शेवटपर्यंत बदलू नये. पहिल्या पानावर ‘वायसर’, दुसऱ्यावर ‘रबरी चकती’ आणि तिसऱ्यावर ‘पडदा’ असे लिहिले, तर वाचणारा ते तीन वेगळे भाग समजतो. प्रत्येक भागाला क्रमांक द्यावा आणि आकृतीतही तोच क्रमांक लिहावा.

३. समस्या किती सविस्तर लिहावी? ‘फिल्टर चोक होतो’ एवढे पुरेसे नाही का?

एवढे पुरेसे नाही, कारण फिल्टर चोक होणे ही सर्वांनाच ठाऊक असलेली गोष्ट आहे आणि तिच्यावर उपायही आहेत. ते उपाय असूनही कोणती अडचण शिल्लक राहते आणि ती कोणत्या कारणाने राहते, हे समस्येच्या भागात सांगायचे असते.

आपल्या उदाहरणात तो भाग असा लिहिता येईल: “तापीकाठी नदीतून उचललेल्या पाण्यात पावसाळ्यात गाळ फार असतो. केळीच्या ठिबक संचातील जाळीच्या फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांत जाळी स्वच्छ असताना ०.१ ते ०.२ किलोचा फरक असतो. तो ०.५ किलोच्या पुढे गेला की फिल्टर धुवावा लागतो. शेतीपंपाला वीज रात्रीच्या पाळीत मिळते तेव्हा हे पाहायला शेतात कोणी नसते. जाळी भरत जाते, पुढचा दाब पडतो आणि लॅटरलच्या शेवटच्या झाडांना पाणी कमी मिळते. पंप सुरू असल्यामुळे सकाळी मात्र सर्वांना पाणी मिळाले असे वाटते.”

या परिच्छेदात दाब चौरस सेंटिमीटरवरील किलोत मोजला आहे. नवी कल्पना त्यात कोठेही आलेली नाही आणि ती येऊही नये. समस्या लिहितानाच ‘म्हणून विजेशिवाय चालणारी झडप हवी’ असे लिहून टाकले, की ती गरज सर्वांना आधीपासून दिसतच होती असा अर्थ पुढे आपल्याविरुद्ध काढला जाऊ शकतो.

४. ‘सध्याचे उपाय’ कोठे आणि कसे शोधायचे? माझ्यासारखी वस्तू बाजारात नाही, एवढे मला माहीत आहे.

बाजारात नसणे आणि नवीन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगात कोठेही, कोणत्याही भाषेत आधी प्रसिद्ध झालेले लेखन आपल्या शोधाच्या नावीन्याला बाधा आणू शकते. ज्या पेटंटची मुदत संपली आहे आणि जे आता कोणीही वापरू शकतो, तेही पूर्वज्ञान म्हणून मोजले जाते. कधीच उत्पादनात न आलेला जुना अर्जही तसाच मोजला जातो.

शोध तीन ठिकाणी घ्यावा. पहिले ठिकाण म्हणजे भारतीय पेटंट कार्यालयाचा शोधसंग्रह, एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स. तिन्ही विनामूल्य आहेत. केवळ शब्दांनी शोधल्यास बरेच निसटते, म्हणून वर्गीकरणाच्या क्रमांकाने शोधावे. ठिबकच्या नळ्या आणि जोडण्यांसाठी A01G 25/02 हा आंतरराष्ट्रीय वर्ग आहे. आपल्या विषयाजवळचे एखादे पेटंट सापडले की त्यावरचे वर्ग उचलून त्याच वर्गांत पुढे पाहत जाणे, ही सर्वांत सोपी रीत आहे. दुसरे ठिकाण म्हणजे उत्पादकांची माहितीपत्रके आणि संशोधनपत्रिका. तिसरे ठिकाण म्हणजे दुकानदार आणि फिटर. जळगावसारख्या ठिबकच्या बाजारपेठेत कोणता उपाय दहा वर्षांपूर्वी येऊन बंद पडला आणि का, हे फिटर नेमके सांगतो, आणि ते कोणत्याही संग्रहात नसते.

सापडलेल्या प्रत्येक उपायासाठी तो काय करतो आणि कोठे अपुरा पडतो, अशी दोन वाक्ये लिहावीत. हाताने धुण्याचा फिल्टर माणसावर अवलंबून असतो. दाबातील फरक ओळखून विजेच्या नियंत्रकाने धुतला जाणारा फिल्टर चांगले काम करतो, पण त्याचा खर्च अधिक असतो आणि त्याला वीज किंवा बॅटरी लागते. चक्रीय वाळू-विभाजक जड वाळू काढतो. हलका गाळ आणि शेवाळ त्यातून पुढे जाते. ‘आधीचे सर्व उपाय निरुपयोगी आहेत’ असे वाक्य कधीही लिहू नये, कारण ते खोटे असते आणि वाचणाऱ्याचा बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास उडवते.

५. शोध घेताना माझीच कल्पना आधी सापडली. आता दस्तऐवज भरण्यात अर्थ आहे का?

बहुतेक वेळा आहे, आणि दस्तऐवजाचे खरे काम येथूनच सुरू होते. समजा, ‘फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातील फरकाने उघडणारी धुण्याची झडप’ ही आपली मूळ कल्पना होती. ती जुनी आहे, हे मान्य करावे आणि दस्तऐवजात तसे लिहावे. मग अशी साधी झडप प्रत्यक्षात का टिकत नाही, हे तपासावे.

कारण असे आहे: झडप उघडताच आधीच्या बाजूचे पाणी बाहेर जाऊ लागते, तेथील दाब पडतो, दोन बाजूंतील फरक कमी होतो आणि गाळ पूर्ण निघण्याआधीच झडप मिटते. क्षणात फरक पुन्हा वाढतो आणि झडप पुन्हा उघडते. ती अशी फडफडत राहते आणि जाळी धुतली जात नाही. म्हणजे झडप उघडणे ही अडचण नसून ती पुरेसा वेळ उघडी राहणे ही अडचण आहे. समस्येचा भाग (प्रश्न ३) या नव्या जाणिवेने पुन्हा लिहावा लागतो.

झडप सावकाश मिटवण्यासाठी बारीक छिद्रातून पाणी सोडण्याची युक्तीही नवी नाही. स्वच्छतागृहातील फ्लश व्हॉल्व्हच्या काही प्रकारांत ती असते, आणि दरवाजा हळू मिटवणाऱ्या साधनात हेच काम तेल करते. पेटंट कार्यालयातील परीक्षक या दोन्ही गोष्टी एकत्र करून ‘हे तर जाणकाराला सहज सुचण्यासारखे आहे’ असा आक्षेप घेऊ शकतो. भारतीय पेटंट कायदा, १९७०, याच्या कलम २(१)(जेए) नुसार शोधात पूर्वीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही असावे लागते, आणि त्यामुळे तो त्या विषयातील जाणकाराला सहज सुचण्यासारखा नसावा लागतो. हा आक्षेप आपणच आधी मांडून त्याचे उत्तर दस्तऐवजात लिहावे. आपल्या उदाहरणातील उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

६. नवी कल्पना किती शब्दांत सांगावी?

आधी एका वाक्यात, आणि त्या वाक्यात फायदा नव्हे तर रचना सांगावी. ‘कमी खर्चात शेतकऱ्याचे पाणी वाचवणारी झडप’ हे जाहिरातीचे वाक्य झाले. दस्तऐवजातील वाक्य असे हवे: “फिल्टरच्या दाबफरकाने उघडणारी झडप, जिच्या पडद्यामागील कप्प्यातले पाणी उघडताना एकदिश झडपेतून झटकन बाहेर जाते आणि मिटताना बारीक छिद्रातून सावकाश परत येते, व ते पाणी फिल्टरनंतरच्या स्वच्छ बाजूकडूनच घेतले जाते.”

यातला शेवटचा तुकडा हा कल्पनेचा गाभा आहे. गढूळ पाण्यावर चालणाऱ्या झडपेत बारीक छिद्र गाळाने बुजण्याची भीती असते, आणि ते बुजले की झडप एकदा उघडल्यावर मिटतच नाही. येथे दाबाचा फरक ओळखण्यासाठी स्वच्छ बाजूची नळी लागणारच असते. तीच नळी कप्पा भरण्यासाठीही वापरली, म्हणून छिद्राला गाळलेलेच पाणी मिळते. वेगळा गाळणीचा भाग लागत नाही. प्रश्न ५ मधील आक्षेपाला हे उत्तर आहे. ते परीक्षक मान्य करेलच असे नाही, पण त्यावर वाद घालता येतो.

७. कार्यपद्धती लिहिताना किती खोलात जायचे? सर्व सांगितले तर कोणी चोरणार नाही का?

गोपनीयता कशी राखायची ते प्रश्न १ मध्ये सांगितले आहे. ती राखून सर्व सांगावे. कायद्याच्या कलम १० नुसार पूर्ण तपशीलपत्रात, म्हणजे अर्जातील शोधाच्या संपूर्ण वर्णनात, शोध आणि तो अमलात आणण्याची रीत पूर्णपणे सांगावी लागते, आणि अर्जदाराला ठाऊक असलेली सर्वोत्तम पद्धतही द्यावी लागते. जे आपण एजंटपासून लपवतो ते अर्जात येत नाही, आणि जे अर्जात नाही त्यावर हक्क सांगता येत नाही.

लिहिण्याचा क्रम पाण्याच्या प्रवासाप्रमाणे ठेवावा. आपल्या उदाहरणात तो असा होईल. पडद्याच्या (१) एका बाजूला फिल्टरच्या आधीचा दाब आणि दुसऱ्या बाजूच्या कप्प्यात (२) फिल्टरनंतरचा दाब व स्प्रिंगचा (३) जोर असतो. फरक ०.५ किलोच्या पुढे गेला की पडदा सरकतो, कप्प्यातील सुमारे १५० मिलिलिटर पाणी एकदिश झडपेतून (४) स्वच्छ बाजूला जाते आणि निचऱ्याचे तोंड (५) उघडते. गाळ निघू लागतो आणि फरक घटतो. स्प्रिंग पडद्याला मागे रेटते. पण कप्पा भरायला पाणी १ मिलिमीटरच्या छिद्रातूनच (६) यावे लागते, म्हणून तोंड मिटायला साधारण ४० सेकंद लागतात.

यानंतरचा भाग अनेक जण विसरतात. केवळ ‘१ मिलिमीटर’ असे लिहिले, तर दुसरा कोणी १.५ मिलिमीटरचे छिद्र पाडून मोकळा होईल. म्हणून कोणत्या मर्यादेत शोध चालतो ते लिहावे. मिटण्याचा वेळ छिद्राच्या क्षेत्रफळाच्या उलट प्रमाणात बदलतो: १.५ मिलिमीटरला तो सुमारे १८ सेकंद आणि २ मिलिमीटरला सुमारे १० सेकंद होतो. दहा सेकंदांत जाळी धुतली जात नसेल, तर १० सेकंद ही आपल्या शोधाची खालची हद्द झाली, आणि ती हद्द प्रयोगातून कळली असे नोंदवावे. त्याचबरोबर पर्यायही लिहावेत: रबरी पडद्याऐवजी दट्ट्या, जाळीऐवजी चकत्यांचा फिल्टर, ठरावीक छिद्राऐवजी फिरवून लहानमोठे करता येणारे छिद्र.

जे फसले तेही लिहावे. छिद्र आधी गढूळ बाजूला ठेवले होते आणि काही दिवसांतच बुजले, ही नोंद कमीपणाची नाही. स्वच्छ बाजू निवडण्यामागे तांत्रिक कारण होते, याचा तोच सर्वांत बळकट पुरावा आहे.

८. अजून नमुना बनवलेला नाही. थांबावे का?

थांबण्याची गरज नाही. नमुना बनवलाच पाहिजे अशी अट नाही. जाणकार व्यक्तीला वाचून ती वस्तू बनवता येईल एवढे वर्णन हवे. कोणते आकडे मोजलेले आहेत आणि कोणते हिशेबाने काढलेले आहेत, हे मात्र वेगळे लिहावे. कल्पना पक्की असेल पण आकडे यायचे असतील, तर प्रोव्हिजनल अर्ज करता येतो. तो केल्यापासून १२ महिन्यांत पूर्ण तपशीलपत्र द्यावे लागते, नाहीतर तो अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. व्यक्तिगत अर्जदारासाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ शासकीय शुल्क १,६०० रुपये आहे. एजंटची फी आणि पुढील परीक्षणाचे शुल्क वेगळे.

९. मी हे कृषी प्रदर्शनात दाखवले आहे, आणि एका व्हॉट्सॲप गटात व्हिडिओही टाकला आहे. आता काय?

ही गोष्ट दस्तऐवजात दिनांकासह लिहावी, आणि ती लिहायला कोणीही संकोचू नये. अशी गोष्ट लपवल्यामुळे पुढे पेटंट रद्द होण्याची वेळ येते, आणि तोवर झालेला खर्च व गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

प्रदर्शनाबाबत कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनालाच मिळते. तालुक्याचा कृषी मेळावा किंवा महाविद्यालयाचे प्रकल्प-प्रदर्शन आपोआप त्यात बसत नाही. विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधालाही अशी सवलत आहे. कोणत्याही नियतकालिकातील लेखाला ती लागू होते असे समजू नये.

व्हिडिओत काय दिसते, हे महत्त्वाचे आहे. आपल्या झडपेचा बाहेरून घेतलेला व्हिडिओ केवळ ‘पाणी बाहेर येते आणि थांबते’ एवढेच दाखवत असेल, तर आतील छिद्र आणि स्वच्छ बाजूची जोडणी त्यातून उघड झालेली नसेलही. झडप खोलून दाखवली असेल, तर परिस्थिती गंभीर आहे. दोन्ही वेळा मूळ फाइल जपून ठेवावी आणि ती एजंटला दाखवावी. परदेशातही अर्ज करायचा विचार असेल, तर तेथील नियम वेगळे आणि काही ठिकाणी अधिक कडक आहेत, हे लक्षात ठेवावे.

१०. शेतावर चाचणी केली तर तीही जाहीर होणे ठरते का?

ठिबकची झडप शेताबाहेर नीट तपासता येत नाही, आणि अशा शोधांचा विचार कलम ३२ मध्ये केलेला आहे. अर्जाच्या आधीच्या एका वर्षात, केवळ वाजवी चाचणीसाठी, आणि शोधाच्या स्वरूपामुळे ती उघड्यावर करणे खरोखर गरजेचे असेल, तर तेवढ्याने शोध बाद होत नाही. येथे ‘केवळ’ या शब्दावर सर्व भार आहे. शेजारच्या पाच शेतकऱ्यांना झडप विकत दिली, तर ती चाचणी राहत नाही. चाचणीसाठी ज्याचे शेत वापरले त्याच्याकडून गोपनीयतेचा साधा लेखी करार घ्यावा आणि चाचणीची वही ठेवावी.

११. शोधकर्ता म्हणून कोणाकोणाची नावे घालायची? मार्गदर्शक सर, वेल्डर आणि अडचण सांगणारा शेतकरी यांची घालावीत का?

ज्याने नव्या कल्पनेच्या गाभ्यात बुद्धीची भर घातली, तो शोधकर्ता. पैसे देणारा, प्रयोगशाळा देणारा किंवा विभागप्रमुख असणारा केवळ त्या कारणाने शोधकर्ता ठरत नाही. ‘रात्री फिल्टर चोक होतो’ असे सांगणाऱ्या शेतकऱ्याने समस्या सांगितली. तो शोधकर्ता नाही. पण ‘छिद्राला पाणी पुढच्या नळीतून द्या, म्हणजे बुजणार नाही’ असे जर त्यानेच सुचवले असेल, तर तो शोधकर्ता आहे आणि त्याचे नाव घालावेच लागेल. आकृतीप्रमाणे जोडणी करणारा वेल्डर शोधकर्ता नाही. पण त्याने स्वतःच्या कल्पनेने रचना बदलली आणि ती रचना गाभ्याचा भाग ठरली, तर तोही आहे. प्रत्येक नावापुढे ‘याने काय सुचवले’ हे एका वाक्यात लिहावे. जेथे वाक्य सुचत नाही, तेथे नाव काढून टाकावे. हे सरांच्या बाबतीत करणे विद्यार्थ्यांना जड जाते, हे मी जाणतो. त्यासाठी आभाराचा वेगळा रकाना ठेवावा.

मालकीचा प्रश्न निराळा आहे. नोकरीतील शोध कोणाचा, याविषयी भारतीय पेटंट कायद्यात वेगळे कलम नाही. नेमणुकीचा करार आणि संस्थेचे धोरण पाहावे लागते. ही कागदपत्रे दस्तऐवजासोबत जोडावीत.

१२. माझी कल्पना यंत्राची नसून केळी लावण्याच्या नव्या पद्धतीची आहे. हाच दस्तऐवज चालेल का?

दस्तऐवज भरता येईल, पण कलम ३(एच) नुसार शेतीची किंवा बागायतीची पद्धत पेटंटयोग्य नाही. त्या पद्धतीसाठी वेगळे अवजार लागत असेल, तर त्या अवजारावर दस्तऐवज लिहावा. फवारणीच्या मिश्रणाबाबत कलम ३(ई) आड येते: घटकांच्या गुणांची नुसती बेरीज पुरत नाही, एकत्र आल्याने अधिक परिणाम होतो हे आकड्यांनी दाखवावे लागते. मिश्रणात भारतातील वनस्पती किंवा इतर जैविक साधन असेल, तर त्याचे मूळ ठिकाण नोंदवावे, कारण जैवविविधता कायदा, २००२, यानुसार परवानगीचा प्रश्न येऊ शकतो.

१३. दस्तऐवज दिल्यानंतर रचना सुधारली. नवा द्यायचा की जुन्यातच भर घालायची?

जुना दस्तऐवज आहे तसा ठेवावा आणि पुरवणी नव्या दिनांकाने द्यावी. पुढे काय करायचे, हे अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर ठरते. अर्ज झालेला नसेल, तर सर्व एकत्र जाते. प्रोव्हिजनल अर्ज झाला असून १२ महिने संपलेले नसतील, तर सुधारणा पूर्ण तपशीलपत्रात घेता येते. मात्र त्या भागाचा अग्रक्रमाचा दिनांक, म्हणजे ज्या दिनांकाला धरून त्याचे नावीन्य तपासले जाते तो, पूर्ण तपशीलपत्राचा असतो. पूर्ण तपशीलपत्र दाखल झाल्यानंतर त्यात नवा मजकूर घालता येत नाही. तेव्हा वेगळा अर्ज किंवा मूळ शोधातील सुधारणेसाठी असलेला पूरक पेटंटचा अर्ज करावा लागतो. म्हणून उदाहरणातील फिरवून लहानमोठे करता येणारे छिद्र नमुन्यात बसवले नसले, तरी प्रश्न ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्याचा उल्लेख पहिल्याच दस्तऐवजात करून ठेवावा.